‘आम्हाला काहीही चालेल’: दोन्ही व्याह्यांसह नाशिकची सहल

पुण्यात राहणारं एक जोडपं, त्यांची सात वर्षांची मुलगी आणि दोन्हीकडचे आई-बाबा अशी सात माणसं. मुलाचे आई-बाबा ठाण्याचे, मुलीचे साताऱ्याचे. ठरवलेलं असं की फेब्रुवारीत चार दिवस सगळ्यांनी नाशिकला यायचं, कारण ते ठाण्याहून सोयीचं, पुण्याहूनही गाडीने येण्यासारखं आणि ‘सगळ्यांना आवडेल असं काहीतरी आहे तिथे’. मी नाशिकमध्ये बाहेरगावच्या कुटुंबांसाठी गाडी, मुक्काम आणि दिवसाची आखणी करून देते. त्यामुळे त्यांचा पहिला आराखडा माझ्याकडे आला. नावं देत नाही. नात त्यांना ठाणेकर आजी-आजोबा आणि सातारकर आजी-आजोबा म्हणते, मीही तसंच म्हणते.

आराखडा जावयाने केला होता आणि कागदावर तो अगदी न्याय्य होता. पहिल्या दिवशी पोचून पंचवटी, दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर आणि सप्तशृंगी गड, तिसऱ्या दिवशी शिर्डी, चौथ्या दिवशी वायनरी आणि घरी. मुक्काम गंगापूर धरणाच्या बाजूला चार खोल्यांच्या बंगल्यात, स्वयंपाकघरासह. खाली टीप होती : ‘देवळं सासऱ्यांसाठी, वायनरी बाबांसाठी’. सातारकरांना विचारलं का, असं मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘विचारलं ना. ते म्हणाले, आम्हाला काहीही चालेल.’

मला पहिली शंका आली ती इथे. मुलीकडच्या माणसांचं ‘काहीही चालेल’ हे पसंती म्हणून धरायचं नसतं. आपल्याकडे व्याह्यांसमोर मुलीच्या आई-वडिलांनी मागणं मांडायचं नाही, ही सवय अजून गेलेली नाही. शिकल्यासवरल्या घरांतही नाही. त्यात विचारणारा जावई असेल तर उत्तर ठरलेलंच. त्यामुळे एकत्र फोनवर किंवा सात जणांच्या ग्रुपवर ‘कुठे जायचं?’ असं विचारलं की मुलाकडची माणसं बोलतात, मुलीकडची ‘चालेल’ म्हणून अंगठा टाकतात आणि सगळ्यांना वाटतं की एकमत झालं. ते एकमत प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, भूक लागल्यावर फुटतं.

म्हणून त्यांना सांगितलं की पुन्हा विचारा, पण असं : मुलाने आपल्या आई-बाबांना, मुलीने आपल्या आई-बाबांना, आणि दोघांना वेगवेगळं, एकमेकांच्या माघारी. नवरा-बायको एकत्र बसले की एक जण दुसऱ्याच्या वतीने बोलतो. प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या : एक ‘हवंच’ आणि एक ‘नकोच’. ‘काहीही’ हे उत्तर परत पाठवायचं. हवंच हे ठिकाणच असलं पाहिजे असं नाही. नकोच मात्र पाळायचंच, त्यावर चर्चा नाही.

सातारकर आजोबा वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. त्यांना ज्योतिर्लिंगापेक्षा त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी शांतपणे बसून हरिपाठ म्हणायचा होता. नकोच : रात्री उशिरा जेवण. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या वेळेवर लागतात. सातारकर आजींचं माहेर तासगावचं, म्हणजे द्राक्षांच्या मुलखातलं. त्यांना नाशिकची द्राक्षबाग बघायची होती, शेतातली, आत जाऊन. नकोच विचारल्यावर त्या ‘काही नाही गं’ म्हणाल्या. लेकीने दोन दिवसांनी परत विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘तिथे गेल्यावर मला स्वयंपाकघर नको.’

ठाणेकर आजोबांना एका संध्याकाळी द्राक्षमळ्यासमोर निवांत बसून वाइनचा एक ग्लास हवा होता, आणि सकाळी आठच्या आधी कोणी उठवायला नको होतं. ठाणेकर आजींना हवी होती वणीची सप्तशृंगी. ती त्यांची कुलस्वामिनी आणि ओटी भरायची राहिली होती. नकोच : पायऱ्या, कारण दोन्ही गुडघे. जावयाला मिसळ हवी होती आणि रात्री घाटात गाडी चालवायची नव्हती. लेकीला एक संध्याकाळ अशी हवी होती की जिच्यात कोणाला काय हवंय हे तिला माहीत नसेल. नातीला ‘डोंगरावर जाणारी ट्रॉली’.

आता पहिला आराखडा पुन्हा बघा. ‘सासऱ्यांसाठी’ ठेवलेला गड खरं तर जावयाच्या स्वतःच्या आईला हवा होता. ‘बाबांसाठी’ ठेवलेल्या वायनरीच्या परिसरात सर्वांत जास्त रस होता सातारकर आजींना, वाइनसाठी नव्हे, वेलांसाठी. निवृत्तिनाथ यादीत नव्हतेच. आणि शिर्डी, जिच्यासाठी जाऊन-येऊन जवळजवळ पावणेदोनशे किलोमीटर जाणार होते, ती सातांपैकी एकाच्याही ‘हवंच’मध्ये नव्हती. नाशिकला आलो की शिर्डी, या सवयीने ती आली होती. ती काढली तेव्हा एक अख्खा दिवस मोकळा झाला आणि कोणाचीही तक्रार आली नाही.

यातून मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही की ही दोन घरांमधली वाटणी नव्हतीच. आवडीनिवडी घरांच्या रेषेवर चालत नाहीत. ‘एक दिवस तुमचा, एक दिवस आमचा’ असं केलं असतं तर दोन आजोबांच्या अंदाजे आवडी दोन घरांच्या नावावर चढल्या असत्या आणि दोन्ही आज्या मागे बसून फिरल्या असत्या.

खरी दोन घरांमधली रेषा होती ती घड्याळाची. सातारकर पावणेपाचला उठतात, अंघोळ, पूजा, सातला काहीतरी पोटात, साडेबाराला जेवण, सायंकाळी हरिपाठ, साडेसातला जेवण आणि साडेनऊला दिवा बंद. ठाणेकर आठला उठतात, दोन चहा होईपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलत नाही, साडेनऊला नाश्ता, दीडला जेवण, रात्री साडेनऊला जेवण आणि मग टीव्ही किंवा पत्ते. दोन्ही वेळापत्रकं एका कागदावर शेजारी शेजारी लिहून काढली तर दोन्ही घरं जागी, आवरलेली आणि बऱ्या मनःस्थितीत असतात तो वेळ साधारण सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच. त्यातून दुपारची वामकुक्षी वजा करा. एकत्र करायचं ते एवढ्यातच, दिवसाला एकच गोष्ट. दिवसाची दोन टोकं वेगवेगळी.

यावर ठाणेकर आजोबांनी हरकत घेतली, आणि ती रास्त होती. ‘एकत्र सहलीला यायचं आणि जेवायला वेगवेगळं बसायचं? लोक काय म्हणतील?’ मी म्हटलं, एकत्र जेवण हवं तर दुपारचं करू. पावणेएकला बसलं की साडेबारावाल्यांना पंधरा मिनिटं थांबावं लागतं आणि दीडवाल्यांना पाऊण तास आधी यावं लागतं. रात्रीच्या जेवणात फरक दोन तासांचा आहे. तिथे मधला वेळ साडेआठ काढला तर एकाची साखर बिघडते आणि दुसरा भूक नसताना ताटावर बसतो, म्हणजे कोणाचंच भलं नाही. शेवटच्या रात्री तेवढं आठला एकत्र जेवायचं ठरलं, सातारकर आजोबांनी पाचला थोडं खाऊन घ्यायचं या अटीवर. रात्री वेगळं जेवण्याचा आणखी एक फायदा न बोलता झाला. ठाणेकर मासे-मटण खाणारे, सातारकर माळकरी. ठाणेकर बुधवारी रात्री आपल्या वेळेला मटण खाऊन आले, कोणी कोणाकडे बघून ताट आखडतं घेतलं नाही.

बंगला सातारकर आजींच्या एका वाक्याने गेला. स्वयंपाकघर असलेल्या मुक्कामात सकाळी पाचला चहा कोण करतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यात मुलीच्या सासूच्या देखत मुलीची आई बसून राहत नाही, मग सासूही बसत नाही, आणि दोघी चार दिवस एकमेकींना ‘तुम्ही बसा हो’ म्हणत ओट्याशी उभ्या राहतात. बंगल्यांबद्दल एरवीही एक सांगते : फेब्रुवारीच्या पहाटे नाशिकला चांगलाच गारवा असतो. ज्या बंगल्यात सौर पाणी आहे तिथे सात माणसांतलं शेवटचं माणूस गार पाण्याने अंघोळ करतं. फोटोत हे दिसत नाही, फोनवर विचारावं लागतं.

त्याऐवजी शहरातलं लिफ्ट असलेलं हॉटेल घेतलं. नाश्ता सात ते साडेदहा, म्हणजे दोन्ही घरं आपापल्या वेळेला खाणार. तीन खोल्या, तिन्ही एकाच दराच्या. हे मुद्दाम. बाल्कनीची एकच खोली असली की ती मानाने व्याह्यांना दिली जाते, मग ते ती परत देतात. खोल्या एकाच मजल्यावर, पण दोन आजी-आजोबांच्या भिंती लागून नकोत हेही सांगून ठेवलं. पहाटेची पूजा आणि रात्रीचा टीव्ही या दोन्हींना मधे एक भिंत पुरत नाही. सातारकरांच्या खोलीत चहाची किटली आहे ना, याची खात्री केली.

गाडीच्या बाबतीत सगळ्यांचा कल एकच मोठी गाडी करण्याकडे असतो, ‘गप्पा मारत जाऊ’ म्हणून. मी ते टाळते. सात माणसांत एक मोठी सात आसनी गाडी भरते, पण तिसऱ्या रांगेत कोण, हा प्रश्न उरतो. गुडघेदुखीचं माणूस तिथे चढूच शकत नाही, म्हणून सून किंवा मुलीची आई मागे जाते. शिवाय एक गाडी म्हणजे सर्वांत उशिरा उठणाऱ्याचं वेळापत्रक सगळ्यांचं होतं. जोडप्याची स्वतःची गाडी होतीच. तिच्या जोडीला मधल्या दोन दिवसांसाठी ड्रायव्हरसह दुसरी घेतली. खर्च वाढला, पण पुढचं सगळं त्याच एका निर्णयावर चाललं.

पैशाचं आधीच मिटवलं. ठाणेकर आजोबा म्हणत होते सगळं आमच्याकडे, सातारकर आजोबा म्हणत होते निम्मं तरी घ्याच. काउंटरवर दोन व्याही एकमेकांचे हात धरून पाकीट काढताहेत हे दृश्य मी दर सीझनला बघते, आणि त्यात हरणारा दिवसभर गप्प असतो. ठरलं असं : आपापली खोली ज्याची त्याने. गाडी, डिझेल, टोल, एकत्र जेवणं यासाठी तिन्ही घरांनी प्रत्येकी ८,००० रुपयांची वर्गणी निघायच्या आधी लेकीकडे द्यायची. पुण्याचं घर हे तिसरं घर, कोणाच्या पोटातलं नाही. वाइन, अभिषेक, खरेदी स्वतःच्या खिशातून. बिल आलं की लेक उठते, बाकी कोणी नाही.

वार बघून ठेवले मंगळवार ते शुक्रवार. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा भरते, राज्यभरातून दिंड्या येतात. ते दिवस आधीच टळलेले होते. सातारकर आजोबांना यात्राही आवडली असती, पण मग बाकीच्यांना त्र्यंबक दिसलं नसतं. सोमवार महादेवाचा म्हणून नको, मंगळवार-शुक्रवार देवीचे म्हणून गडासाठी नकोत. गड गुरुवारी, त्र्यंबक बुधवारी.

मंगळवारी दुपारपर्यंत सगळे पोचले, चहा एकत्र झाला, बाकी काही ठेवलं नव्हतं.

बुधवारी पहाटे पावणेसहाला ड्रायव्हरच्या गाडीतून सातारकर दोघं आणि लेक निघाले. त्र्यंबक नाशिकपासून तीसेक किलोमीटर. त्यांचं ज्योतिर्लिंगाचं दर्शन लवकर झालं आणि आजोबा निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी तासभर बसले. ठाणेकर दोघं, जावई आणि नात नाश्ता करून नऊला निघाले. दहाच्या सुमारास कुशावर्तावर सगळे भेटले, तिथून ठाणेकरांनी सशुल्क रांगेतून दर्शन घेतलं, आणि पाऊणपर्यंत सगळे नाशिकला जेवायला. कोणी कोणाची वाट बघत चपलांपाशी उभं राहिलं नाही.

त्या संध्याकाळचा पेच खरा होता. माळकरी व्याह्यांच्या देखत वाइन प्यायची ठाणेकर आजोबांना लाज वाटत होती, आणि चोरून प्यायची त्यांची तयारी नव्हती. मुलगा म्हणत होता, ‘सासऱ्यांना सांगू की आम्ही धरण बघायला जातो.’ मी ते नको म्हटलं. सात वर्षांचं मूल बरोबर असताना कुठलीही थाप रात्रीपर्यंत टिकत नाही. लेकीने वडिलांना सरळ सांगितलं. ते म्हणाले, ‘त्यांचं ते घेतील, मला रामकुंडावर सोडा.’ मग जोड्या घरांप्रमाणे न लावता हवंचप्रमाणे लावल्या. जावई, त्याचे बाबा आणि सातारकर आजी गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्याच्या बाजूला, गाडी जावई चालवणार म्हणून तो प्यायला नाही. सातारकर आजोबा, ठाणेकर आजी आणि नात ड्रायव्हरबरोबर पंचवटीत, आधी काळाराम मंदिर, मग रामकुंडावरची आरती. लेक हॉटेलवर, फोन बंद करून.

सातारकर आजींना तिथे वाइनच्या वेलांपेक्षा वाटेतल्या एका शेतकऱ्याची खायच्या द्राक्षांची बाग जास्त आवडली. घडांना कागद का गुंडाळलाय, ऑक्टोबर छाटणी कधी धरली, माल निर्यातीला की बाजारात, असे प्रश्न विचारून त्यांनी त्या माणसाला अर्धा तास धरून ठेवलं. तासगावला बेदाणा होतो, इथे ताज्या मालावर भर आहे, हा फरक त्या परतताना व्याह्यांना समजावत होत्या. ठाणेकर आजोबांनी लग्नानंतर नऊ वर्षांत आपल्या विहीणबाईंना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. एरवी बोलायचे ते दोघे व्याही, बायका बाजूला.

लेकीच्या मोकळ्या संध्याकाळवर मी अडून बसले होते, त्याचं कारण पहिल्या आराखड्यात होतं. त्यात ती पहाटे पाचला आई-बाबांबरोबर उठणार होती आणि रात्री अकरापर्यंत सासू-सासऱ्यांबरोबर जागणार होती. दोन वेळापत्रकं सांभाळणाऱ्या घराला तिसरं वेळापत्रक राहत नाही. म्हणून पाळ्या लावल्या : बुधवारी पहाट तिची, संध्याकाळ त्याची, गुरुवारी उलट. गुरुवारी पहाटे जावयाने सासऱ्यांबरोबर गोदाकाठी फेरी मारली. झोप अर्धी झाली होती, पण गेला.

गुरुवारी गड, नाशिकपासून साठेक किलोमीटर आणि शेवटी घाट. नऊला निघाले. २०१८ पासून गडावर चढायला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे ठाणेकर आजींचा पायऱ्यांचा प्रश्न जवळजवळ संपतो. नातीचं हवंचही त्यातच भागलं. पण ट्रॉलीला अपेक्षेपेक्षा मोठी रांग होती आणि सगळं पाऊण तासाने लांबलं. दीडच्या सुमारास सातारकर आजोबा विनाकारण चिडायला लागले, कपाळावर घाम, हात थरथरतोय. रागाचं कारण शोधण्यात वेळ घालवायचा नाही, ही साखर उतरल्याची खूण. लेकीने ओळखलं. आधी साखर घातलेला चहा, मग बिस्किटं, आणि जेवण दोनला. मधुमेही माणूस बरोबर असेल तर डोंगरावरच्या दिवशी जेवणाची वेळ रांगेवर सोडायची नाही. खाणं आणि साखरेच्या गोळ्या त्याच्या खिशात हव्यात, गाडीत ठेवलेल्या पिशवीत नाही, कारण गाडी खाली असते.

याच दिवशी एक गोष्ट बिनसली, जी कुठल्याच कागदावर नव्हती. देवीची ओटी भरून झाल्यावर ठाणेकर आजींनी ठाण्याहून आणलेली भारी साडी काढून विहिणीची ओटी भरली. मनापासून, प्रेमाने. पण सातारकरांकडे परत द्यायला त्या तोडीचं काही नव्हतं. परतीच्या वाटेत सातारकर गाडीत गप्प, आणि संध्याकाळी आजोबा लेकीला विचारताहेत, इथे पैठणी कुठे मिळते, येवला किती लांब आहे. शुक्रवारचा अर्धा दिवस त्यात गेला असता. लेकीने अडवलं, सासूशीच बोलली. आजी म्हणाल्या, ‘अगं, मी देवीसमोर भरली, त्याची परतफेड असते का?’ सातारकरांना ते पटलं असं म्हणवत नाही. त्यांनी शुक्रवारी सकाळी मेन रोडवरून एक साधी साडी आणि घरचा बेदाणा दिला, आणि ती साडी कितीची होती याची चर्चा पुण्यापर्यंत चालली. आता मी अशा सहलींत वर्गणीच्या यादीखाली एक ओळ घालते : देणं-घेणं या चार दिवसांत नाही, घरी करा.

शुक्रवारी नऊला मिसळ झाली. सातारकर आजोबा सातला पोहे खाऊन आले होते, त्यांनी नुसतं दही-पापड घेतलं आणि तर्रीवर साताऱ्याकडून टिप्पणी केली. अकराला गाड्या दोन दिशांना निघाल्या.

ही पद्धत सगळीकडे चालेल असं नाही. दोन घरांत आधीचं काही दुखणं असेल, लग्नातला रुसवा किंवा पैशाचा व्यवहार, तर ‘हवंच-नकोच’च्या कागदावर ते ‘नकोच’ म्हणून माणसाचंच नाव घेऊन येतं. तेव्हा सहल चार दिवसांची न करता एका दुपारच्या जेवणाची करावी. शिवाय दोन गाड्या आणि तीन खोल्या ज्यांना परवडत नाहीत त्यांना दिवसाची टोकं वेगळी ठेवणं अवघड जातं. अशा वेळी मी गावं कमी करते, रिक्षा आणि चालत जाण्याएवढ्या अंतरात पंचवटीजवळ मुक्काम देते, म्हणजे लवकर उठणारे स्वतःच्या पायांनी रामकुंडावर जातात.

वर्गणीतले दोन हजारांच्या आसपास उरले. ते कोणाला परत करायचे यावरून वाद नको म्हणून लेकीने तिथेच ठरवलं की ते पुढच्या वेळच्या वर्गणीत धरायचे. पुढची वेळ दिवाळीनंतर, कोकणात, आणि या खेपेला यादी गोळा करायचं काम जावयाने स्वतःकडे घेतलंय. मी त्याला एवढंच सांगितलं की सासऱ्यांना तू विचारू नकोस, तिला विचारू दे.